थिएटरच्या वरचा आणि खालचा स्लॅब: हॉस्पिटलचा सांगाडा ठरतो तेव्हा

डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये रात्री साडेनऊला आम्ही तिघे उभे होतो. दिवसाच्या शस्त्रक्रिया संपल्या होत्या. डॉक्टरांनी टेबलावर आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवला, छताला टांगलेला मायक्रोस्कोप त्यावर आणला आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. बारीक चौकटी स्थिर होत्या. मग त्या एकदम थरथरल्या, पुन्हा थरथरल्या आणि शांत झाल्या. "बघा, वरून कुणीतरी गेलं," डॉक्टर म्हणाले. त्यांना तो आवाज न ऐकताच कळायचा, इतकी सवय झाली होती.

मी आधी फरशीवर सेन्सर ठेवून मोजलं होतं. फरशी ठरलेल्या मर्यादेत होती, अगदी आरामात. कागदावर तक्रारीला जागाच नव्हती. मग शिडी लावून मायक्रोस्कोपचा खांब ज्या पोलादी प्लेटला बोल्टने धरला होता तिथे सेन्सर चिकटवला, तेव्हा आकडा अडीच पटींनी वर गेला. मायक्रोस्कोप थिएटरच्या फरशीवर उभाच नव्हता. तो वरच्या मजल्याच्या स्लॅबला टांगलेला होता, आणि वरच्या मजल्यावर वॉर्डचा कॉरिडॉर होता. इमारत आखताना त्या स्लॅबला 'वॉर्ड' म्हणून मर्यादा दिली गेली आणि थिएटरच्या फरशीला 'थिएटर' म्हणून. दोन्ही स्लॅब आपापल्या परीक्षेत पास झाले होते, पण टांगलेल्या यंत्राचा विचार कुणी केला नव्हता.

ही चूक बांधकामात झाली नव्हती, काँक्रीट चांगलं होतं. चूक झाली होती पहिल्या स्ट्रक्चरल रिपोर्टमध्ये. आर्किटेक्टकडे नुसते ठोकळ्यांचे नकाशे असतात, भिंती पक्क्या नसतात, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर पंधरा-वीस पानांचा हा रिपोर्ट देतो. कॉलम किती अंतरावर, स्लॅब कोणत्या प्रकारचा, भूकंपाचं बळ कोण घेणार, कुठल्या खोलीत किती कंपन चालेल, आणि उद्या खोल्या बदलल्या तर काय, हे त्यात ठरतं. पुढे हजारो ड्रॉइंग निघतात, पण ही पाच उत्तरं बदलायची म्हटलं तर सगळं मुळापासून करावं लागतं. त्यातली दोन उत्तरं, कंपनाचं आणि उद्याच्या बदलांचं, एकमेकांत कशी गुंतलेली असतात ते इथे एका उदाहरणावरून सांगतो.

शंभर मायक्रॉन म्हणजे किती

हॉस्पिटलच्या स्लॅबचं कंपन मोजताना बहुतेक वेळा वेग मोजतात. स्लॅब वर-खाली हलताना त्याचा पृष्ठभाग किती वेगाने सरकतो, याची एक प्रकारची सरासरी काढतात, जिला आरएमएस म्हणतात. ऑपरेशन थिएटरसाठी सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे सेकंदाला 100 मायक्रॉन. माणसाला कंपन जेमतेम जाणवू लागतं तीच ही पातळी. ब्रिटिश आरोग्यसेवेची एचटीएम 08-01 ही मार्गदर्शिका हीच गोष्ट पटीत सांगते: थिएटरला 1 पट, वॉर्डला 2 पट, ऑफिस आणि तपासणीच्या खोल्यांना 8 पट. म्हणजे वॉर्डमध्ये थिएटरच्या दुप्पट कंपन मान्य आहे आणि ऑफिसात आठपट.

आकडा डोळ्यापुढे यावा म्हणून त्याचं अंतरात रूपांतर करू. स्लॅब सेकंदाला 10 वेळा हलत असेल तर 100 मायक्रॉन वेगाला त्याची हालचाल दीड मायक्रॉनच्या थोडी वर असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा चाळिसावा भाग. रुग्णाला किंवा भूलतज्ज्ञाला त्याने काही त्रास होत नाही. पण वीसपट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप लांब हाताच्या टोकाला असतो आणि तो हात स्वतःही डोलतो, त्यामुळे टोकाशी हालचाल आणखी वाढते. म्हणूनच अमेरिकेच्या एआयएससी संस्थेने 1997 साली काढलेल्या कंपनविषयक मार्गदर्शिकेत डोळ्यांच्या आणि मेंदूच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेसाठी याहून बरीच कडक, 25 मायक्रॉनची पातळी दिली होती. सगळं थिएटर त्या पातळीला न्यायचं की मायक्रोस्कोपला कंपन अडवणारा आधार द्यायचा, हा निर्णय रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावा लागतो. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे. पंचवीस मायक्रॉनचा अख्खा मजला बांधणं म्हणजे एका यंत्रासाठी सगळ्या इमारतीच्या पायावर वजन टाकणं.

पाऊल पडतं तेव्हा

स्लॅब हलवणारं हॉस्पिटलमधलं सर्वांत मोठं कारण म्हणजे माणसाचं चालणं. रस्त्यावरची वाहनं, लिफ्ट, गच्चीवरचे पंप यांना स्प्रिंगवर बसवता येतं किंवा दूर नेता येतं. माणसांना दूर नेता येत नाही.

माणूस सेकंदाला साधारण दीड ते सव्वादोन पावलं टाकतो. दोन पावलं धरू. पण पाऊल म्हणजे एकसारखा गोल हिंदोळा नव्हे. त्यात टाच आपटणं असतं, चवड्याने ढकलणं असतं, त्यामुळे सेकंदाला 2 च्या जोडीला 4, 6 आणि 8 या पटींमध्येही थोडं थोडं बळ येतं. स्लॅबची स्वतःची हलायची लय यातल्या एखाद्या पटीवर बसली तर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलात भर घालत जातं. झोक्याला बरोबर वेळी हात लावला की झोका चढतो, तसंच. सेकंदाला 8-9 वेळांच्या वर गेलेल्या स्लॅबला ही भीती राहत नाही. तिथे प्रत्येक पाऊल म्हणजे एक सुटा ठोसा: स्लॅब दचकतो, काही वेळ कंप पावतो, आणि पुढचं पाऊल येईपर्यंत बराचसा शांत होतो.

इथे अनेकांचा समज असा होतो की स्लॅब पुरेसा ताठ केला की काम झालं. तो अर्धाच खरा आहे. सुट्या ठोशाने स्लॅबला किती वेग मिळेल हे त्याच्या वजनावर ठरतं. तोच ठोसा हलक्या वस्तूला जास्त हलवतो आणि जड वस्तूला कमी. ताठपणामुळे झोका चढायचा थांबतो. पण ठोशाचा परिणाम लहान करायला वजनच लागतं.

एक गाळा हिशेबाला घेऊ

चार मजली हॉस्पिटल धरू. तळमजल्यावर तपासणी आणि एमआरआय, पहिल्यावर थिएटर आणि आयसीयू, वरचे दोन वॉर्ड. कॉलमचं ग्रिड 8.1 मीटर बाय 8.1 मीटर, म्हणजे चार कॉलममधला प्रत्येक चौकोनी गाळा एवढा. हे अंतर उगाच निवडलेलं नाही: त्यात दोन रुग्णखोल्या शेजारी-शेजारी नीट बसतात आणि मोठं थिएटरही जवळजवळ एका गाळ्यात मावतं. ग्रिड दहा मीटरला नेलं तर आर्किटेक्ट खूश होतो, पण स्लॅब झपाट्याने लवचिक होतो. साडेसहाला आणलं तर थिएटरच्या मध्ये कॉलम येतो.

पहिला पर्याय साध्या आरसीसी फ्लॅट स्लॅबचा. म्हणजे बीम नाहीत, सगळीकडे सपाट 300 मिलिमीटरचा स्लॅब थेट कॉलमवर. त्याचं वजन चौरस मीटरला 750 किलो, वर फरशी, पाइप, छताची उपकरणं मिळून 120 किलो. एकूण 870.

स्लॅबची लय काढायचं एक सोपं सूत्र प्रत्येक इंजिनिअरच्या वहीत असतं. स्वतःच्या वजनाने स्लॅब मध्ये किती मिलिमीटर खाली येतो ते δ म्हणून घ्या, f म्हणजे लय:

f = 18 / √δ

आपल्या गाळ्यात ते सुमारे 2.4 मिलिमीटर येतं, म्हणजे लय सेकंदाला 11.6. हा आकडा पाहून हायसं वाटतं, आणि तो फसवा आहे. वजन टाकलं की सगळे गाळे एकदम खाली जातात आणि एकमेकांना धरून ठेवतात. प्रत्यक्ष कंपनात मात्र एक गाळा वर जातो तेव्हा शेजारचा खाली जातो, बुद्धिबळाच्या पटासारखे. मग शेजाऱ्याचा आधार मिळत नाही, फक्त कॉलमचा ताठपणा मिळतो. कॉम्प्युटरवर पूर्ण मजल्याचं मॉडेल केलं की लय खाली उतरते. आपण ती 9 धरू. रिपोर्टमध्ये 11.6 लिहिलेलं आणि मॉडेलचा उल्लेखच नाही असं दिसलं, तर तिथेच थांबून विचारावं.

आता ठोसा. ब्रिटनच्या काँक्रीट सेंटरच्या सीसीआयपी-016 या 2006 सालच्या मार्गदर्शिकेत पावलाच्या ठोशाचं सूत्र आहे:

I = 54 × fw^1.43 / fn^1.3

fw म्हणजे सेकंदाला किती पावलं, fn म्हणजे स्लॅबची लय. थिएटरच्या आत कुणी भराभर चालत नाही, म्हणून पावलं 1.6 धरली. उत्तर येतं 6.1 न्यूटन-सेकंद. कंपनात सगळा मजला सारखा भाग घेत नाही. इथे भाग घेणारं वजन 30 टन धरू. भागाकार केला की ठोशाच्या क्षणीचा सर्वोच्च वेग मिळतो, 203 मायक्रॉन. मग तो विरत जातो. किती लवकर विरतो, याला डॅम्पिंग म्हणतात. भिंती, फॉल्स सीलिंग, पाइप, सामान हे सगळं मिळून थोडी थोडी ऊर्जा खात असतं. भरलेल्या हॉस्पिटलला 3 टक्के डॅम्पिंग धरण्याचा प्रघात आहे. ते धरून पावलाच्या पूर्ण वेळेची आरएमएस सरासरी काढली तर 92 मायक्रॉन. मर्यादा 100, स्लॅब पास.

आता त्याच गाळ्यातून कॉरिडॉर जात असेल आणि तिथे कुणी घाईने, सेकंदाला 2 पावलांनी चालत असेल तर? तोच हिशेब 137 देतो. नापास. स्लॅब तोच, काँक्रीट तेच, फक्त चालणारा माणूस बदलला. म्हणून पहिल्या रिपोर्टमध्येच आर्किटेक्टला सांगावं लागतं की मुख्य कॉरिडॉर थिएटरच्या गाळ्यातून नेऊ नका, तो वेगळ्या गाळ्यात किंवा कॉलमच्या रांगेलगत न्या. कॉलमजवळ स्लॅब हलतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तिथला ठोसा बराचसा वाया जातो. नकाशा ठोकळ्यांच्या अवस्थेत असताना ही सूचना फुकट आहे. एक वर्षानंतर तीच सूचना कुणी ऐकून घेत नाही.

बाकीचे पर्याय त्याच फुटपट्टीने

पोलादी बीमवर पत्रा आणि त्यावर 130 मिलिमीटरचा स्लॅब, हा दुसरा पर्याय. बांधायला झपाट्याचा, पायावर हलका. एकूण वजन चौरस मीटरला साधारण 440 किलो, म्हणजे पहिल्याच्या निम्मं. ऑफिसच्या हिशेबाने बीम निवडले तर लय 6 च्या आसपास येते, आणि 6 म्हणजे दोन पावलांची नेमकी तिसरी पट. झोका चढणार.

बरं, बीम खोल करून लय 9 ला नेली असं समजा. त्यासाठी ताठपणा सव्वादोन पट करावा लागतो, कारण लय दीडपट करायची तर ताठपणा दीडच्या वर्गाने वाढवावा लागतो. इतकं करूनही वजन निम्मंच राहिलं, त्यामुळे त्याच पावलाने वेग जवळजवळ दुप्पट. थिएटरमधले 92 आता 180 च्या वर जातात. म्हणजे पत्र्यावरचं काँक्रीट जाड करावं लागेल, बीम त्याहूनही खोल लागतील, आणि ज्या हलकेपणासाठी पोलाद निवडलं तो हलकेपणा हातातून जाईल. पोलादी सांगाड्यावर उत्तम थिएटर होतात, जगात असंख्य आहेत. पण रिपोर्टमध्ये पोलादाचं जे टनेज तुलनेला धरलं आहे ते कंपन भागवल्यानंतरचं आहे की आधीचं, हे पाहायला हवं. बहुतेक तुलना इथेच एका बाजूला कलतात. ताकदीपुरतं पोलाद एका रकान्यात आणि कंपन भागवणारं काँक्रीट दुसऱ्यात, अशी तुलना मी वाचली आहे.

तिसरा पर्याय नेहमीच्या बीम-स्लॅबचा. कंपनाच्या बाबतीत तो बरा असतो. त्याची अडचण छतात येते. थिएटरच्या वर स्वच्छ हवेचे मोठे डक्ट, वायूंच्या नळ्या, दिव्यांचे आणि यंत्रांचे आधार अशी दाटी असते. सहाशे मिलिमीटर खोल बीम दर आठ मीटरला आडवे आले की डक्ट त्यांच्याखालून न्यावे लागतात आणि मजल्याची उंची तेवढी वाढते. सपाट स्लॅबखाली डक्ट कुठूनही कुठेही वळतो.

चौथा, पोस्ट-टेन्शन स्लॅबचा. काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणून स्लॅबला दाबात ठेवतात, त्यामुळे तो पातळ चालतो आणि त्याला तडे कमी जातात. पण पातळ म्हणजे हलका, आणि जाडी कमी झाली की ताठपणा तिच्या घनाने घटतो: 300 चा 250 केला तर ताठपणा 58 टक्क्यांवर येतो. तडे नसल्याचा फायदा यातला काही भाग भरून काढतो, सगळा नाही. त्याची दुसरी अडचण पुढच्या मुद्द्यात येते.

बदलाची मोकळीक

या क्षेत्रात 'फ्लेक्झिबिलिटी' हा शब्द दोन अर्थांनी फिरतो आणि मीटिंगमध्ये त्यावरून गोंधळ होतो. इंजिनिअरला तो ऐकून वाकणारा स्लॅब आठवतो. हॉस्पिटल चालवणाऱ्यांच्या मनात असतं ते असं: आज वॉर्ड आहे तिथे पाच वर्षांनी डे-केअर थिएटर करता यावं, नवीन यंत्र आणता यावं, भिंत काढता यावी. गंमत अशी की दुसरी मोकळीक हवी असेल तर पहिली नको असते. खोल्या कुठेही बदलता याव्यात असं वाटत असेल तर स्लॅब सगळीकडे ताठ आणि जड लागतो.

आता आपल्या 92 कडे परत येऊ. तो आकडा 3 टक्के डॅम्पिंगवर उभा होता, आणि त्या 3 टक्क्यांतला मोठा वाटा भिंतींचा होता. त्याच भिंती उद्या काढता येतील असं रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. भिंती काढून मोठा मोकळा हॉल केला आणि डॅम्पिंग 2 टक्क्यांवर आलं, तर तोच स्लॅब, तेच पाऊल, 105 मायक्रॉन. नापास. रिपोर्टच्या एका प्रकरणात भिंती हलवायचं वचन आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच भिंतींचं डॅम्पिंग उधार घेतलेलं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता रिपोर्ट हातात आला की आधी डॅम्पिंगचा आकडा शोधतो.

उपाय फार मोठा नाही. स्लॅब 25 मिलिमीटरने जाड केला, 325, तर वजन चौरस मीटरला 62 किलोंनी वाढतं आणि लय 9.8 च्या आसपास जाते. 2 टक्क्यांवरच हिशेब केला तर 86 मायक्रॉन. भिंती असोत-नसोत, स्लॅब पास. कॉरिडॉरच्या घाईच्या चालीला मात्र हाही 125 देतो, म्हणून कॉरिडॉर वेगळ्या गाळ्यात ही अट कायम राहते. ज्यादा 62 किलो खालच्या कॉलमना आणि पायाला पेलावे लागतात, भूकंपाचं बळही तेवढ्या प्रमाणात वाढतं. म्हणून मी हे सगळ्या मजल्यांना सुचवणार नाही. थिएटरच्या फरशीला आणि थिएटरच्या छताला, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला, 325. त्यावरच्या वॉर्डला 300 पुरेल. आणि त्या वॉर्डच्या मजल्यावर थिएटर आणायचं झालं तर कोणते गाळे चालतील ते नकाशात रंगवून ठेवायचं. सगळीकडे सगळं करता येईल असं आश्वासन देणारा रिपोर्ट एक तर फार महाग इमारत मागत असतो, नाही तर त्याने हिशेब केलेला नसतो.

दुसरी मोकळीक भोकांची. हॉस्पिटलमध्ये स्लॅबला सतत नवीन भोकं पडतात: एक ड्रेनेज पाइप, एक डक्ट, वायूची नळी. फ्लॅट स्लॅबमध्ये सगळ्यात नाजूक जागा कॉलमच्या भोवतीची. तिथे स्लॅब कॉलमवरून खाली घसरू पाहत असतो, कागदातून पेन्सिल आरपार जावी तसा, आणि त्याला अडवणारं काँक्रीट तेवढंच असतं. नेमक्या तिथेच प्लंबरला पाइप हवा असतो, कारण पाइप कॉलमला चिकटून लपतो. म्हणून रिपोर्टमध्ये गाळ्याच्या मधोमध 'मऊ जागा' ठरवतात, बाजूची सळई आधीच वाढवून ठेवतात, म्हणजे पुढे तिथे कापलं तरी स्लॅबला जड जात नाही. कॉलमलगतच्या भोकांना लेखी परवानगी लागेल हेही तिथेच लिहितात.

पोस्ट-टेन्शन स्लॅबची अडचण इथेच आहे. त्यातली केबल कापली तर नुसती एक सळई कापल्यासारखं होत नाही. केबल ग्राउट न केलेल्या प्रकारची, म्हणजे तिच्याभोवती सिमेंटचा लगदा न भरलेली असेल तर कापलेल्या जागी सुटलेला ताण केबलच्या पूर्ण लांबीभर जातो, म्हणजे तीन गाळे पलीकडच्या खोलीचा आधारही कमी होतो. ग्राउट केलेल्या प्रकारात नुकसान जवळपासच राहतं. स्कॅनरने केबल शोधून मधल्या जागेत भोक पाडता येतं, लोक पाडतातही. पण वीस-तीस वर्षांनी ड्रिल हातात असलेल्या माणसापर्यंत ही माहिती पोचेल यावर मला भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे थिएटर आणि आयसीयूच्या मजल्यावर मी साधा आरसीसी फ्लॅट स्लॅबच धरेन, पोस्ट-टेन्शन स्वस्त पडला तरी.

एमआरआयबद्दल थोडक्यात. त्याचा चुंबक कित्येक टनांचा असतो, आणि जवळ हलणारं लोखंड त्याला चालत नाही. तो तळमजल्यावर, शक्यतो जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर, लिफ्ट आणि पार्किंगपासून लांब. त्याला आत आणायचा आणि एक दिवस बाहेर काढायचा रस्ता पहिल्याच नकाशात आखलेला हवा, त्या वाटेवरच्या स्लॅबला तेवढं वजन धरून, आणि बाहेरच्या भिंतीचा एक भाग काढता येईल असा ठेवून.

भूकंपाचं बळ कोण घेतं

आडव्या बळासाठी फ्लॅट स्लॅब आणि कॉलम पुरेसे नसतात. काँक्रीटच्या भिंती लागतात, आणि त्या जिने आणि लिफ्टभोवती ठेवल्या की मधला मजला मोकळा राहतो. पोलादी सांगाड्यात तिरके ब्रेस घातले तर ते स्वस्त आणि ताठ, पण उद्या जिथे दार हवं तिथे नेमका ब्रेस उभा असतो. ब्रेसशिवायची पोलादी चौकट मोकळी राहते, पण भूकंपात जास्त डोलते आणि छतातल्या पाइपना ओढ बसते. सांगाडा टिकूनही पाइप फुटले तर हॉस्पिटलला ते किती महाग पडतं हे कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलने दाखवलं. 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात तिथली नवीकोरी इमारत इतकी मोडली की पाडावी लागली. त्याच जागी फार भक्कम इमारत उभी केली, आणि 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात तिचा सांगाडा टिकला. पण पाण्याचे पाइप फुटले, पाणी मजल्यांवर पसरलं आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं.

बांधल्यावर मोजणं

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मी एक अट घालतो, आणि ती खर्चात धरायला लावतो. थिएटरच्या मजल्याचं शटरिंग निघालं की, भिंती उभ्या राहण्याआधी, दोन-तीन गाळ्यांत कंपन मोजायचं. एक माणूस गाळ्याच्या मध्यावर टाचा उचलून दाणकन खाली टेकतो, सेन्सर स्लॅबची लय टिपतो. मग तोच माणूस घड्याळाच्या ठोक्यावर सेकंदाला 1.6 पावलांनी चालतो. आपल्या उदाहरणात लय 9.8 च्या जवळपास यायला हवी. ती साडेआठला आली तर तडे अपेक्षेपेक्षा जास्त गेले आहेत, काँक्रीट कमी ताठ आहे, किंवा मॉडेलमध्ये कॉलम वास्तवापेक्षा घट्ट धरले होते.

कोऱ्या स्लॅबवर डॅम्पिंग अगदी कमी असतं, 1 टक्क्याच्या आसपास, म्हणून त्या दिवशी वेगाचा आकडा मर्यादेच्या वर गेला तरी घाबरायचं नाही. लय आणि भाग घेणारं वजन जुळतं का ते पाहायचं, आणि तेवढ्यावर 2 टक्क्यांचा हिशेब पुन्हा करायचा. कमी पडलाच, तर या टप्प्यावर अजून उपाय शिल्लक असतात: गाळ्याच्या कडेला एखादी काँक्रीटची भिंत, नाही तर मायक्रोस्कोपचा आधार कॉलमजवळ सरकवणं. त्या रात्री आम्ही शेवटी हेच केलं. मायक्रोस्कोपची प्लेट गाळ्याच्या मध्यावरून काढून कॉलमपासून दीड मीटरवर नेली आणि टेबल फिरवून घेतलं. डॉक्टरांनी पुन्हा आलेखाचा कागद ठेवला. वरून ट्रॉली गेली, तिची चाकं ऐकू आली, आणि पडद्यावरच्या चौकटी जागच्या जागी होत्या.